मोबाइलवर 'नंबर लपवा' चालू केलं तरी समोरच्याला नंबर दिसतोच. सेटिंगचा उपयोग काय मग?

गोदाकाठ (धागाकर्ती)

मी नाशिकमधल्या एका समुपदेशन केंद्रात संध्याकाळी काम करते. घरातल्या मारहाणीमुळे आमच्याकडे आलेल्या बायकांना आम्ही नंतर फोन करून विचारपूस करतो. केंद्राचा लँडलाइन संध्याकाळी सहानंतर बंद असतो, त्यामुळे हे फोन आमच्या स्वतःच्या मोबाइलवरून होतात. गेल्या महिन्यात एका बाईच्या नवऱ्याने तिच्या फोनमधून आमच्या एका सहकारी ताईंचा नंबर काढला आणि रात्री त्यांच्या घरी फोन करून शिव्या दिल्या. तेव्हापासून सगळ्यांनीच नंबर लपवून फोन करायचं ठरवलं आहे.

माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये डायलरच्या सेटिंग्जमध्ये, कॉलिंग अकाउंट्सच्या आत, `Caller ID` आहे. तिथे तीन पर्याय मिळतात: `Network default`, `Hide number`, `Show number`. मी `Hide number` निवडलं. फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं आहेत. पहिल्यावरून बहिणीला फोन केला तर माझा नंबर जसाच्या तसा दिसला. दुसऱ्यावरून केला तर रिंग न वाजताच कॉल कट. परत `Network default` केलं की दुसरं सिम व्यवस्थित चालतं.

दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकसेवेला विचारलं. एकीने फोन रीस्टार्ट करायला सांगितलं, दुसरीने सिम बदलून घ्या म्हटलं. फोनमध्ये सोय दिली आहे तर ती चालत का नाही? आणि खरंच नंबर लपवायचा असेल तर काय करावं?

---

जर्सीतला_मी

सोपं आहे. नंबरच्या आधी `*67` लावा आणि मग डायल करा. मी इथे न्यू जर्सीत कितीतरी वर्षं वापरतोय, एकदाही फसलं नाही. असं केल्यावर तुमचा नंबर कंपनीच्या पातळीवरच पुसला जातो, पुढे जातच नाही. सेटिंगच्या भानगडीत पडूच नका.

---

गोदाकाठ

`*67` करून पाहिलं. "डायल केलेला क्रमांक तपासून पाहा" अशी रेकॉर्ड ऐकू आली.

---

रेंजवाला

गोदाकाठ ताई, `*67` हा अमेरिका-कॅनडाचा कोड आहे. ब्रिटनमध्ये त्याच कामाला `141` लावतात. आपल्याकडचे मोबाइल जीएसएमच्या मानकावर चालतात, तिथे एका कॉलपुरता नंबर लपवायला `#31#` आणि मग नंबर, आणि एका कॉलपुरता दाखवायला `*31#` आणि मग नंबर. ह्या दोघांत लोकांची नेहमी गल्लत होते, कारण बाकीच्या सगळ्या सेवांमध्ये चांदणीने सुरू होणारा कोड म्हणजे 'चालू कर'. इथे चांदणी नंबर दाखवते.

पण तुमच्या बाबतीत कोड बदलून फरक पडणार नाही, कारण अडचण फोनमध्ये नाहीच. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्सीकरांनी लिहिलं की नंबर पुसला जातो. तसं होत नाही. अमेरिकेतही होत नाही. सहसा प्रत्येक कॉलबरोबर तुमचा नंबर पलीकडच्या कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंत जातो, कारण बिल, तपास, आपत्कालीन सेवा हे सगळं त्याच्यावर चालतं. तुम्ही लपवण्याची विनंती केली की त्या नंबरच्या शेजारी फक्त एक खूण लावली जाते: दाखवायला परवानगी आहे, किंवा दाखवू नका. ती खूण पाहून शेवटचं एक्स्चेंज ठरवतं की नंबर समोरच्याच्या फोनवर पाठवायचा की नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच, 'हा वाचून दाखवू नका' एवढी सूचना पोस्टमनला दिलेली असते.

म्हणजे तुमचा नंबर लपणं हे दोन ठिकाणी ठरतं. पहिलं, तुमची कंपनी ती खूण लावायला तयार आहे का. दुसरं, वाटेतल्या आणि पलीकडच्या कंपन्या ती पाळतात का. तुमचं घोडं पहिल्याच ठिकाणी अडलं आहे असं मला वाटतं. खात्री करायला दोन्ही सिमवरून `*#31#` डायल करा आणि स्क्रीनवर काय येतं ते जसंच्या तसं इथे लिहा.

---

मंजिरी_के

मलाही हाच त्रास आहे. अनोळखी लोकांना फोन केला की त्यांच्या फोनवर माझं पूर्ण नाव येतं, तेही लग्नाआधीचं. ट्रूकॉलरवरचं हे नाव कुठल्या सेटिंगमधून जाईल? वर सांगितलेला `#31#` लावला तर जाईल का?

---

रेंजवाला

मंजिरी ताई, तो वेगळा विषय. ते नाव नेटवर्कने पाठवलेलं नसतं. समोरच्याच्या फोनमधलं ऍप तुमचा नंबर आपल्या यादीत शोधतं आणि लोकांनी तुम्हाला ज्या नावाने सेव्ह केलं होतं ते दाखवतं. त्यांच्या संकेतस्थळावर नंबर यादीतून काढण्याचं पान आहे, तिथे अर्ज करा. ह्या धाग्यातल्या कुठल्याही कोडचा त्याच्याशी संबंध नाही.

---

गोदाकाठ

रेंजवाला काका, करून पाहिलं.

पहिलं सिम (जिथे नंबर दिसतो): `Service not provisioned.`
दुसरं सिम (जिथे कॉल कट होतो): `Connection problem or invalid MMI code.`

---

रेंजवाला

पहिल्याचा अर्थ सरळ आहे. कंपनीच्या डेटाबेसमध्ये तुमच्या नंबरापुढे कुठकुठल्या सेवा दिल्या आहेत त्याची नोंद असते, आणि त्यात नंबर लपवण्याची सेवा नाही. तिचं तांत्रिक नाव सीएलआयआर. तुमचा फोन प्रत्येक कॉलला 'लपवा' असं सांगतोय, एक्स्चेंज नोंद बघतं, सेवा सापडत नाही, आणि विनंती बाजूला ठेवून कॉल नेहमीसारखा लावून देतं.

दुसऱ्या सिमवर दोन गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात. ती कंपनी फक्त ४जी-५जीवर चालते का? तसं असेल तर हे जुने कोड जायला तिच्याकडे जुनं २जी-३जी नेटवर्कच नसतं. फोनला ही चौकशी इंटरनेटच्या वेगळ्या वाटेने करावी लागते, आणि कंपनीने ती वाट उघडली नसेल तर हीच चूक दिसते. त्यामुळे `Connection problem` एवढ्यावरून सेवा आहे की नाही हे कळत नाही. पण 'लपवा' म्हटल्याबरोबर कॉल कट होतो ह्यावरून कळतं. सेवा नसताना ती मागितली तर काही कंपन्या विनंती सोडून देतात, काही अख्खा कॉलच नाकारतात. तुमच्याकडे दोन्ही नमुने एकाच फोनमध्ये आहेत.

इतर वाचकांसाठी: `Hide number` हा पर्याय फोनच्या आठवणीत राहतो. घरात कुणी तो चुकून निवडला असेल तर महिनोन्‌महिने 'फोन लागतच नाहीत' अशी तक्रार राहते आणि लोक सिमं बदलत बसतात. येणारे कॉल नीट आणि जाणारे सगळे लगेच कट, असं असेल तर आधी `Network default` आहे का ते पाहा.

---

ठाणे_पीबीएक्स

काकांच्या म्हणण्याला डोळ्यांनी दिसणारा पुरावा देतो. माझ्याकडे एक जुना यूएसबी डोंगल आहे, त्याच्या मोडेमला थेट आज्ञा देता येतात. माझं सिम घालून आधी त्याला नंबर लपवायला सांगितलं आणि मग स्थिती विचारली:

```
AT+CLIR=1
OK
AT+CLIR?
+CLIR: 1,0
OK
```

उत्तरातला पहिला आकडा मोडेमची बाजू सांगतो, दुसरा नेटवर्कची. १ म्हणजे 'मी लपवायला सांगितलं आहे'. ० म्हणजे 'ह्या ग्राहकाला ही सेवाच नाही'. सेवा असती तर दुसऱ्या जागी ३ किंवा ४ आला असता: दर कॉलला बदलता येते, आणि एरवी लपलेला की दिसणारा. तिथे १ आला तर नंबर कायमचा लपलेला. फोनवरचं सेटिंग बदललं की फक्त पहिला आकडा हलतो. दुसरा कंपनीच्या हातात.

ऑफिसच्या इंटरनेट फोनवरही हीच कथा. आमचा पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, कॉलबरोबर असं पाठवतो:

```
From: "Anonymous" <sip:anonymous@anonymous.invalid>
P-Asserted-Identity: <sip:+91XXXXXXXXXX@example.net>
Privacy: id
```

वरच्या ओळीत अनोळखी, मधल्या ओळीत खरा नंबर, खाली 'दाखवू नका'. ह्या तिन्ही ओळी एकत्र पाहिल्या की नंबर पुसला जात नाही हे कळतं. आमच्या टेलिफोन कंपनीच्या टोकाचं यंत्र हे घेतं, पहिली आणि तिसरी ओळ फेकून देतं आणि आमचा मुख्य नंबर लावून कॉल पुढे सोडतं. मधली ओळच पाठवली नाही तर कॉल सरळ नाकारतं.

---

जर्सीतला_मी

हे वाचून इकडची एक गोष्ट नीट समजली. इथे `1-800` वाल्या नंबरांना `*67` लावून फोन केला तरी त्यांना आपला नंबर मिळतो. कॉलचे पैसे ते देतात, म्हणून त्यांना नंबर वेगळ्या मार्गाने जातो. लपवलेले नंबर उघडे करणारी ऍप इथे ह्यावरच चालतात: तुम्ही अनोळखी कॉल नाकारला की तो त्यांच्या टोल-फ्री नंबरावर वळतो, तिथे खरा नंबर कळतो आणि तो तुम्हाला परत दाखवला जातो. मात्र इथे `*67` पाळणं कंपन्यांना नियमानेच बंधनकारक आहे, एफसीसी ह्या इथल्या दूरसंचार नियामकाचा तसा नियम आहे. भारतात कंपन्या का पाळत नाहीत? हा ग्राहकावर अन्याय नाही का?

---

रेंजवाला

कारण भारतातला नियम उलट दिशेचा आहे. दूरसंचार विभाग कंपन्यांना जो परवाना देतो त्याच्या अटींमध्येच लिहिलं आहे की ही सेवा ग्राहकांना सर्वसाधारणपणे देऊ नये. कुणी मागितली तर कारणाची शहानिशा करूनच द्यायची. ज्यांना दिली त्यांची नावं-पत्ते पासवर्ड असलेल्या संकेतस्थळावर ठेवायचे, म्हणजे अधिकृत सरकारी यंत्रणांना ते पाहता येतील. आणि एकगठ्ठा घेतलेल्या जोडण्या, कॉल सेंटर, टेलिमार्केटिंग ह्यांना ती अजिबात द्यायची नाही.

थोडक्यात, अमेरिकेत सेवा सगळ्यांना असते आणि वापरायची की नाही ते ग्राहक ठरवतो. आपल्याकडे सेवा कुणालाच नसते, आणि हवी असेल तर कारण पटवून द्यावं लागतं. फोन बनवणारे जगभर एकच सॉफ्टवेअर विकतात, म्हणून तो पर्याय तुमच्याही फोनमध्ये दिसतो. आयफोनमध्ये `Show My Caller ID` आहे, तेही आपल्याकडे बऱ्याच सिमांवर बदलता येत नाही.

अन्याय म्हणाल तर माझं मत असं की सरसकट बंदी चूक आहे. धमकीचे आणि फसवणुकीचे कॉल रोखायला हा नियम आहे हे खरं. पण खंडणीसाठी फोन करणारा दुसऱ्याच्या नावाचं सिम वापरतो, त्याला लपवण्याची गरजच नसते. अडकतात ते गोदाकाठ ताईंसारखे लोक.

---

विदर्भकन्या

मग माझ्या वडिलांना अमरावतीत रात्री-बेरात्री 'Private number' वरून फोन कसे येतात? उचलला की कुणी बोलत नाही. सेवा कुणालाच मिळत नाही तर ही माणसं कोण? आई पार घाबरून गेली आहे.

---

रेंजवाला

ताई, फोनवर नेमकं काय लिहून येतं ते बघा. `Private number`, किंवा आयफोनवर `No Caller ID`, म्हणजे नंबर आला पण 'दाखवू नका' अशी खूण होती. `Unknown` म्हणजे नंबर मिळालाच नाही, वाटेत कुठेतरी गळाला. तुमच्याकडे पहिला प्रकार असेल तर एक शक्यता अशी की तो देशाबाहेरून येतोय, कारण बाहेरच्या बऱ्याच देशांत ही सेवा कुणालाही मिळते.

दोन्ही बाबतीत तुमच्या वडिलांच्या कंपनीकडे कॉलची नोंद असते, आणि पहिल्या प्रकारात तर नंबरासकट असण्याची दाट शक्यता असते. ती तुम्हाला देणार नाहीत, पोलिसांनी रीतसर मागितली तर देतात. प्रत्येक कॉलची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. वेळ चुकली तर नोंद सापडायला फार त्रास होतो.

---

लंडन_नाशिक

आमच्याकडे उलट आहे. मी लंडनहून `141` लावून इथल्या मैत्रिणीला फोन केला की माझा नंबर लपतो. त्याच फोनवरून, तसंच `141` लावून, नाशिकला आईला केला तर तिला माझा पूर्ण नंबर दिसतो. आईपासून लपवायचं काहीच नाही, पण हे होतं कसं? तुम्ही तर म्हणता खूण नंबराबरोबर जाते.

---

ठाणे_पीबीएक्स

दोन देशांच्या मध्ये तीन-चार कंपन्या असतात. एकीकडे कॉलची माहिती पुढे पाठवण्याचा, म्हणजे सिग्नलिंगचा, जुना प्रकार, दुसरीकडे इंटरनेटचा. एकाचं दुसऱ्यात भाषांतर करताना 'दाखवू नका' ही ओळ गळली की पुढच्याला फक्त नंबर मिळतो.

---

रेंजवाला

असं होऊ शकतं. मानकाप्रमाणे पुढच्या नेटवर्कवर विश्वास नसेल तर पाठवणाऱ्याने नंबरच काढून टाकायला हवा, खूण सोडून नंबर पाठवणं बरोबर नाही. पण भारतातल्या टोकाची कंपनी परदेशी कॉलवरची खूण मुद्दाम बाजूला ठेवते, असंही असू शकेल. दोन्ही बाजूंचे सिग्नलिंग लॉग पाहिल्याशिवाय दोष कुणाचा ते सांगता येणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन करून पाहा, तिथे लपला तर संशय आईच्या कंपनीवर जातो.

---

लंडन_नाशिक

भावाकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आहे. त्याला एकदा `Unknown` आलं आणि एकदा पूर्ण नंबर.

---

ठाणे_पीबीएक्स

म्हणजे कॉल दर वेळी वेगळ्या वाटेने जातोय. मग मला तरी वाटेतलीच कंपनी वाटते.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पण आमच्यापुढचा प्रश्न तसाच आहे. कारण दाखवून सेवा मागायची झाली तर आमचं कारण बसेल का? सगळ्या समुपदेशकांसाठी केंद्राच्या नावाने सिमं घेतली तर ती 'एकगठ्ठा' धरून नकार देतील का?

---

रेंजवाला

वैयक्तिक सिमवर, केंद्राच्या पत्रासह, कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज करून बघा. ग्राहकसेवेच्या फोनवर हे होणार नाही, त्यांच्या पडद्यावर असा पर्यायच नसतो. संस्थेच्या नावाने बरीच सिमं घेतली तर बहुतेक नकार येईल, कारण एकगठ्ठा जोडण्यांबद्दलची अट स्पष्ट आहे.

आणि सेवा मिळालीच तरी `#31#` वर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. आधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आपल्याच माणसांना फोन करून बघा. एक जरी कंपनी खूण पाळत नसेल तर नेमका त्या नवऱ्याचाच फोन त्या कंपनीचा निघू शकतो. `112` ला मात्र लपवलेला नंबरही दिसावा अशी सोय मानकातच आहे.

---

आंबोलीकर

आमच्या संस्थेत (कोकणात, विषय तोच) दुसरा मार्ग काढला आहे. क्लाउड टेलिफोनीवाल्या कंपनीकडून एक नंबर घेतला. समुपदेशक ऍपमध्ये बाईंचं नाव दाबते, आधी तिचा स्वतःचा फोन वाजतो, तो उचलला की यंत्रणा बाईंना फोन लावते आणि दोघींना जोडते. बाईंच्या फोनवर संस्थेचा नंबर दिसतो, समुपदेशकाचा कधीच नाही. डिलिव्हरीवाला आपल्याला फोन करतो तेव्हा त्याचा खरा नंबर दिसत नाही, तसंच. नवऱ्याने उलट फोन केला तर रेकॉर्ड केलेला साधा निरोप ऐकू येतो, त्यात संस्थेचं नाव नसतं.

दोन कॉल होतात म्हणून खर्च दुप्पट, हे लक्षात घ्या. पण एक फायदा आम्हाला नंतर कळला. 'Private number' दिसला की संशयी नवरा जास्त बिथरतो. बायकांनीच आम्हाला सांगितलं की लपलेल्या नंबरापेक्षा साधा, रोजच्यासारखा नंबर बरा.

---

मंजिरी_के

आता नाव दाखवणारी सरकारी सोय येते आहे ना? मग तर सगळंच उघड होईल.

---

रेंजवाला

चांगला मुद्दा काढलात. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी शिफारस केली. सिम घेताना अर्जात दिलेलं नाव समोरच्याच्या फोनवर येणार. सीएलआयआर सेवा असलेल्यांचं नाव दाखवायचं नाही, असाही विचार आहे. व्यवसायाच्या आणि एकगठ्ठा जोडण्यांना अर्जातल्या नावाऐवजी स्वतःचं नोंदणीकृत व्यापारी नाव दाखवता यावं, असं ट्रायने सुचवलं आहे.

गोदाकाठ ताई, ह्याचा अर्थ तुमच्या कामासाठी असा की समुपदेशकाच्या स्वतःच्या सिमवरून फोन केला तर उद्या नंबराबरोबर तिचं नावही जाऊ शकतं. आणि सिम केंद्राच्या नावावर असेल तर केंद्राचं नाव, जे त्याहून धोक्याचं.

---

गोदाकाठ

हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या केंद्राच्या नावातच 'महिला' आणि 'समुपदेशन' दोन्ही शब्द आहेत.

आंबोलीकर, तुमच्या नंबरावर नाव काय दिसतं ते एकदा वेगवेगळ्या फोनवर तपासून सांगाल का? आणि जमलं तर खर्चाचा अंदाज व्यनिमध्ये पाठवा. कंपनीला अर्ज मी सोमवारी देते, काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.

---

आंबोलीकर

व्यनि केला आहे. नावाचं उद्या दोन-तीन फोनवर बघून सांगतो. एका ठिकाणी काहीच येत नाही एवढं आत्ता माहीत आहे.

---

विदर्भकन्या

वडिलांच्या फोनवर `Private number` च येतं, बघून घेतलं. वेळा लिहायला सुरुवात केली आहे.